कस्टर्डला जाळी का पडते?

हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेत अंड्यावर हमखास प्रश्न असतो. पूर्वी तो ठरलेला असायचा: अंड्याची नामनिर्देशित आकृती काढा, स्वयंपाकातली त्याची कामं लिहा. पाठ करणाऱ्याचं भागायचं. आता बरेच शिक्षक प्रश्न फिरवून विचारतात. स्वयंपाकघरात काहीतरी बिघडलेलं असतं आणि विद्यार्थ्याने कारण शोधायचं असतं. त्या धर्तीचा एक प्रश्न असा मांडता येईल.

‘एका स्वयंपाकघरात बरेच दिवस बाहेर राहिलेली अंडी वापरली गेली. पोच्ड एगचा पांढरा भाग पाण्यात धाग्यांसारखा पसरला. मेरांगसाठी पांढरा भाग वेगळा काढताना त्यात थोडा बलक पडला, साखरही सुरुवातीलाच सगळी घातली आणि पाच मिनिटं हाताने फेटूनही फेस उभा राहिला नाही. कॅरॅमल कस्टर्डचे साचे १८०° सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये नुसत्या ट्रेवर ४५ मिनिटं ठेवले. त्याला कडेने जाळी पडली आणि खाली पाणी सुटलं. तिन्ही पदार्थ का बिघडले, ते सकारण लिहा.’

‘अंडी शिळी होती’ हे उत्तर पटकन सुचतं, आणि ते तिन्हीला लागू होईल असंही वाटतं. पण शिळेपणाचा थेट दोष पहिल्याच पदार्थात आहे. दुसऱ्यात तो आडून आला आहे आणि तिसऱ्यात त्याचा काही संबंध नाही. हे ओळखायचं तर अंड्याच्या आत काय असतं आणि दिवस जातात तसं तिथे काय बदलतं, इथून सुरुवात करावी लागते.

आकृतीतली नावं कशासाठी

अंड्याच्या वजनात कवच साधारण ११ टक्के, पांढरा भाग ५८ टक्के आणि बलक ३१ टक्के असतो. कवच बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. ते दिसतं घट्ट, पण त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून वायू आणि वाफ बाहेर जाते. अंडं घातलं जातं तेव्हा या छिद्रांवर एक पातळ नैसर्गिक लेप असतो. अंडं धुतलं की तो जातो.

कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटून असतात. कोंबडीच्या अंगाच्या उबेतून बाहेर आलेलं अंडं गार होताना आतला ऐवज किंचित आकसतो आणि बोथट टोकाशी हे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. तिथे हवेची छोटी पोकळी तयार होते. पुढे आतलं पाणी वाफ होऊन छिद्रांतून जात राहतं आणि तेवढी ही पोकळी वाढत जाते. जुनं अंडं पाण्यात तरंगतं ते याच पोकळीमुळे.

ताजं अंडं सपाट बशीत फोडलं तर आकृतीतला महत्त्वाचा भाग डोळ्यांनी दिसतो. पांढरा भाग एकसारखा नसतो. बलकाभोवती दाट, उंचवट्यासारखा थर उभा राहतो आणि त्याच्या कडेने पातळ पाण्यासारखा थर पसरतो. बलकाच्या दोन बाजूंना पांढरट, पीळ पडलेले दोर दिसतात. त्यांना चॅलेझा म्हणतात. बलक मध्यभागी राहावा म्हणून हे दोर असतात. अनेक जण त्यांना खराबी समजून काढून टाकतात. खरं तर ते ठळक दिसणं ताजेपणाचं लक्षण आहे.

दिवस जातात तसा छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पांढरा भाग अल्कधर्मी होत जातो. त्याचा सामू ७.६ च्या आसपास असतो तो ९ च्या वर जातो. या बदलात दाट थराला आकार देणारं ओव्होम्युसिन नावाचं प्रथिन ढिलं पडतं आणि दाट थर पातळ होत जातो. पांढऱ्यातलं पाणी बलकात झिरपतं, बलक फुगतो, त्याभोवतीचा पडदा ताणून नाजूक होतो. मग असं अंडं फोडलं की बलक चपटा बसतो आणि जरा धक्का लागला तरी फुटतो. हे सगळं उष्णतेत झपाट्याने होतं. फ्रिजमधल्या आठवडाभरात अंडं जितकं जुनं होतं, तितकं ते बाहेरच्या उबेत एखाद्या दिवसात होऊ शकतं.

प्रश्नातल्या पोच्ड एगचं उत्तर इथेच मिळतं. गरम पाण्यात सोडल्यावर दाट थर बलकाला कवेत घेऊन थिजतो. पातळ थर थिजण्याआधीच पाण्याबरोबर वाहतो आणि त्याचे धागे होतात. जुन्या अंड्यात बहुतेक सगळाच पांढरा भाग पातळ झालेला असतो. ताजी अंडी नसतील तर अंडं आधी झाऱ्यात फोडून पातळ भाग गाळून टाकावा, पाणी खळखळू न देता त्यात थोडं व्हिनेगर घालावं. आम्लामुळे प्रथिनं लवकर थिजतात आणि पसरायला वेळ मिळत नाही.

उकडलेल्या अंड्याची गोष्ट मात्र उलटी आहे. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो आणि सोलताना त्याचे लचके निघतात. सामू वाढलेलं, काही दिवसांचं अंडं सहज सोललं जातं. म्हणून ‘नेहमी ताजी अंडी वापरावीत’ एवढ्या एका वाक्याला पूर्ण गुण मिळत नाहीत.

प्रतवारी म्हणजे वयाचं मोजमाप

प्रतवारीच्या प्रश्नात विद्यार्थी आकार आणि दर्जा यांची गल्लत करतात. भारतातल्या ॲगमार्कच्या नियमांत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वजनावरून एक्स्ट्रा लार्ज म्हणजे ६० ग्रॅम किंवा जास्त, लार्ज ५३ ते ५९, मीडियम ४५ ते ५२ आणि स्मॉल ३८ ते ४४ ग्रॅम. दर्जाच्या ए आणि बी या प्रती त्याहून निराळ्या. ‘ए’ प्रतीत हवेच्या पोकळीची खोली ४ मिलिमीटरपर्यंत चालते, ‘बी’ प्रतीत ८ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे लहानसं अंडंही ए प्रतीचं असू शकतं आणि मोठं अंडं बी प्रतीचं. कवच पांढरं की तपकिरी हे कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतं. त्यावरून दर्जा ठरत नाही.

अंडं न फोडता पोकळी मोजायची तर अंधाऱ्या जागी ते प्रखर दिव्यासमोर धरून फिरवतात. याला कँडलिंग म्हणतात. बोथट टोकाकडची पोकळी उजळ दिसते. बलकाची सावलीही दिसते आणि तिच्यावरून पांढरा भाग किती दाट आहे ते कळतं. अंडं फिरवताना सावली पुसट आणि मध्यावर राहिली तर पांढरा भाग दाट आहे. सावली ठळक होऊन भराभर सरकली तर तो पातळ झाला आहे. कवचाला गेलेली बारीक चीर आणि आतला रक्ताचा ठिपकाही याच उजेडात सापडतो.

फोडून मोजण्याची पद्धत अमेरिकेतल्या रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये मांडली. अंड्याचं वजन करायचं, ते सपाट काचेवर फोडायचं आणि बलकाशेजारच्या दाट थराची उंची मायक्रोमीटरने मोजायची. वजन आणि उंची एका सूत्रात घातली की जो आकडा येतो त्याला हॉ युनिट म्हणतात. अमेरिकी प्रतवारीत ७२ आणि त्यावर एए, ६० ते ७२ ए आणि त्याखाली बी. ५५ ग्रॅमच्या अंड्याचं उदाहरण घेऊ. दाट थराची उंची ६ मिलिमीटर भरली तर आकडा साधारण ७९ येतो. ४ मिलिमीटरला ६१ आणि ३ मिलिमीटरला ४९. दाट थर ३ मिलिमीटरने खचला की तेच अंडं एएवरून थेट बीवर येतं. प्रत लागते ती तपासणीच्या दिवसाची. पुढे अंडी उन्हाळ्यात दुकानाबाहेर पडून राहिली तर खोक्यावरचं अक्षर तेच राहतं, आतला थर मात्र खचत जातो.

फेस उभा राहतो कसा

आता मेरांग. पांढऱ्या भागात सुमारे ८८ टक्के पाणी आणि १० ते ११ टक्के प्रथिनं असतात. प्रथिनाचा रेणू मूळात लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला असतो. फेटणीच्या माऱ्याने आणि हवेच्या संपर्काने तो उलगडतो. उलगडलेल्या रेणूचा काही भाग पाण्याकडे ओढ घेतो, काही हवेकडे, म्हणून तो बुडबुड्याच्या कडेवर जाऊन बसतो. शेजारचे असे रेणू एकमेकांना धरतात आणि बुडबुड्याभोवती जाळं विणलं जातं. नीट फेटलेला पांढरा भाग मूळच्या सहा ते आठ पट होतो.

बलक पडला की घोटाळा होतो, कारण त्यात एक तृतीयांशाच्या आसपास स्निग्धांश असतो. हे स्निग्ध रेणूही बुडबुड्याच्या कडेवरच जागा घेतात, पण एकमेकांना धरून ठेवत नाहीत. जाळ्याला तिथे भोक पडतं. तेलकट राहिलेलं भांडंही हेच करतं. प्लास्टिकच्या भांड्याला स्निग्धांश चिकटून राहतो, म्हणून फेटायला स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्यावं असं शिकवलं जातं.

प्रश्नातला सापळा इथे आहे. जुन्या अंड्याचा पातळ झालेला पांढरा भाग खरं तर लवकर फेसाळतो आणि फुगतोही चांगला. फक्त त्या फेसातून पाणी लवकर निथळतं. ताज्या अंड्याचा फेस यायला वेळ लागतो, पण तो टिकतो. म्हणून ‘अंडी जुनी होती म्हणून फेस आला नाही’ हे उत्तर चुकतं. मात्र जुन्या अंड्याच्या बलकाचा पडदा नाजूक झालेला असतो आणि वेगळा करताना तो फुटण्याची शक्यता वाढते. शिळेपणा आडून आला तो असा. एवढा दुवा जोडणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो. व्यवहारातला उपाय सोपा आहे: अंडी गार असताना बलक वेगळा करावा, तेव्हा तो घट्ट असतो, आणि पांढरा भाग खोलीच्या तापमानाला आल्यावर फेटावा.

दुसरा दोष साखरेच्या वेळेचा. साखर पाणी धरून ठेवते, मिश्रण दाट करते आणि प्रथिनांचं उलगडणं लांबवते. सगळी साखर आधीच घातली तर हाताने फेटणाऱ्याचे हात दुखून येतात आणि फेस तरीही दडपून राहतो. साखर अजिबात न घालता फेटत राहिलं तर उलट धोका असतो. जाळं गरजेपेक्षा घट्ट आवळलं जातं, फेस कोरडा, कणीदार होतो, त्याचे गठ्ठे पडतात आणि भांड्याच्या तळाशी पाणी साचतं. म्हणून आधी फेस मऊ टोकापर्यंत आणायचा, म्हणजे फेटणी वर उचलल्यावर टोक उभं राहून वाकलं पाहिजे, आणि मग साखर चमच्याचमच्याने घालत जायची. कडक मेरांगला एका पांढऱ्यामागे सुमारे ५० ग्रॅम साखर लागते. फेस चकचकीत झाला, टोक ताठ राहिलं आणि बोटांत चोळल्यावर साखरेचा रवा लागला नाही की थांबायचं.

सुरुवातीला घातलेलं आम्लही मदतीला येतं. एका पांढऱ्यामागे चमच्याचा आठवा भाग क्रीम ऑफ टार्टर किंवा अर्धा चमचा लिंबाचा रस पुरतो. त्याने प्रथिनांची एकमेकांवरची पकड गरजेपेक्षा घट्ट होत नाही आणि जास्त फेटलं जाण्याचा धोका कमी होतो.

पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त वाटा ओव्हअल्ब्युमिनचा असतो, आणि फेटण्याने त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. फेस धरतात ती इतर प्रथिनं. मेरांग ओव्हनमध्ये गेल्यावर ओव्हअल्ब्युमिनची पाळी येते. ते उष्णतेने उलगडून थिजतं आणि नुसता हवेवर उभा असलेला फेस पक्का होतो. फेटणीने जे अर्धवट झालं, ते उष्णता पुरं करते. थिजण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

थिजणं आणि फाटणं यांमधलं अंतर

उष्णतेने प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. पातळ अंडं घट्ट होतं ते असं. पांढरा भाग ६०° सेल्सिअसच्या पुढे दाटायला लागतो आणि ६५° च्या सुमारास वाहायचा थांबतो. त्यातलं ओव्हअल्ब्युमिन मात्र ८०° च्या आसपास थिजतं, म्हणून पांढरा भाग आधी लुसलुशीत आणि नंतर कडक होतो. बलक ६५° ला दाटू लागतो आणि ७०° ला बसतो.

कस्टर्डमध्ये हे आकडे वर सरकतात. ५०० मिलिलिटर दूध, ४ अंडी आणि ८० ग्रॅम साखर असं प्रमाण धरू. दुधामुळे प्रथिनं एकमेकांपासून लांब जातात, साखर त्यांचं उलगडणं लांबवते. त्यामुळे मिश्रण ८०° च्या आसपास बसतं. त्यापुढे काही अंश गेले की जाळं आकसायला लागतं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. साच्याच्या कडेचा भाग सगळ्यात आधी तापतो, म्हणून जाळी कडेने पडते. पिळून निघालेलं पाणी खाली जमतं. प्रश्नात साचे १८०° च्या कोरड्या हवेत होते. मध्यभाग बसेपर्यंत कडा कधीच मर्यादेपलीकडे गेली होती. अंडी कालची असती तरी हेच झालं असतं.

उपाय म्हणजे साचे गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवणं. पाणी साच्याच्या निम्म्या उंचीपर्यंत असावं, तळाशी घडी घातलेलं फडकं असावं म्हणजे धातूची आच थेट लागत नाही, आणि ओव्हन १६०° वर असावा. पाणी १००° च्या वर जाऊ शकत नाही हे सगळे लिहितात. पण उघड्या ट्रेमधून वाफ सतत निघत असल्याने ते त्याहूनही बरंच खाली राहतं, हे फार थोडे लिहितात. ट्रे झाकला तर पाणी उकळीला येतं आणि अर्धा फायदा जातो. लहान साच्यांना ३५ ते ४० मिनिटं लागतात. कड आणि मध्य यांच्या अधेमधे सुरी घालावी. ती स्वच्छ निघाली आणि मध्यभाग हलवल्यावर थरथरला तर साचे बाहेर काढावेत. आतल्या उष्णतेने तो भाग बाहेर आल्यावरही बसत राहतो. मध्यभाग ओव्हनमध्येच घट्ट झाला असेल तर कडा हातची गेलेली असते.

मराठी घरांत ओव्हन नसताना कस्टर्ड कुकरमध्ये शिटीशिवाय वाफवतात. चिकाचा खरवसही तसाच वाफवतात आणि तोही उष्णतेने प्रथिनं थिजूनच बसतो. कोंडलेली वाफ १००° ची असते, म्हणून आच मंद ठेवून झाकण किंचित कललेलं ठेवलं तर जाळी टळते. झाकणावरचं पाणी आत पडू नये म्हणून साच्यावर फॉइल लावतात.

तीनही भागांची उत्तरं झाली की तोंडी परीक्षेत हमखास एक उपप्रश्न येतो: कस्टर्ड उकळलं तर फाटतं, मग एक्लेअरमध्ये भरायचं पेस्ट्री क्रीम उकळायलाच हवं असं का सांगतात? दोन्हीत दूध, साखर आणि अंडं असतं, पण पेस्ट्री क्रीममध्ये मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घातलेलं असतं. फुगलेल्या पिठाचे कण प्रथिनांच्या मधे येतात आणि त्यांना घट्ट आवळू देत नाहीत, म्हणून ते उकळी सहन करतं. उकळी गरजेची आहे ती बलकातल्या एका विकरासाठी. ॲमिलेज नावाचं हे विकर स्टार्च तोडतं आणि ते निकामी व्हायला मिश्रण जवळजवळ उकळावं लागतं. नुसतं दाट झाल्यावर आचेवरून उतरवलेलं क्रीम त्या वेळी अगदी जमल्यासारखं दिसतं. वाचलेलं ॲमिलेज मात्र आपलं काम करत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढल्यावर ते क्रीम एक्लेअरमधून वाहू लागतं. म्हणून मधोमध बुडबुडे फुटायला लागल्यावरही ते मिनिटभर ढवळत आचेवर ठेवायचं असतं.